भातावर पानांतून खत: फवारणी केव्हा लागू पडते आणि केव्हा पैसे वाया जातात

पीक: खरीप भात | विभाग: चांदीप, मांडवी, पारोळ व वसई तालुक्याचा पूर्व भाग

लावणी होऊन तीन आठवडे झाले की खाचरात कुठे ना कुठे पिवळेपणा दिसू लागतो. पाऊस उघडला की शेतकरी दुकानात जातो आणि "भात पिवळा पडलाय" एवढेच सांगतो. दुकानदार बहुतेक वेळा १९:१९:१९ चे पाकीट, एखादे सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण आणि सोबत टॉनिकची बाटली देतो. फवारणी होते, आठवडाभराने भात हिरवा दिसला तर श्रेय पाकिटाला मिळते आणि नाही दिसला तर दुसरे पाकीट येते.

फवारणीचे खत काही कमतरतांवर खरोखर औषधासारखे काम करते. काही ठिकाणी मात्र ते काम करूच शकत नाही, मग पाकीट कितीही महाग असो. हा फरक ब्रँडवर ठरत नाही. पिकाला ते अन्नद्रव्य किती लागते, पानातून किती आत जाऊ शकते आणि पिवळेपणाचे खरे कारण काय, या तीन गोष्टींवर तो ठरतो.

आधी हिशोब: एका फवारणीतून किती खत जाते?

हिशोबासाठी २० गुंठ्यांचे खाचर घेऊ. या क्षेत्राला पाठीवरच्या पंपाने साधारण १०० लिटर द्रावण लागते, म्हणजे १५ लिटरचे सहा ते सात पंप.

कोकणात सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी शिफारस आहे. २० गुंठ्यांना त्याचे २० किलो नत्र, १० किलो स्फुरद व १० किलो पालाश होते. हे नत्र फक्त युरियातून द्यायचे तर सुमारे ४३ किलो युरिया लागेल, म्हणजे ४५ किलोची जवळजवळ एक गोणी.

आता १९:१९:१९ लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात फवारले तर १०० लिटरमध्ये अर्धा किलो खत गेले. त्यात नत्र ९५ ग्रॅम, स्फुरद ९५ ग्रॅम आणि पालाश ९५ ग्रॅम. सगळे थेंब पानावर बसले आणि सगळे आत गेले असे धरले, तरी नत्राची गरज अर्धा टक्कासुद्धा भागली नाही आणि स्फुरद-पालाशची जेमतेम एक टक्का भागली. तेवढेच ९५ ग्रॅम नत्र सुमारे २०० ग्रॅम युरियात असते. अनुदानित युरियाच्या २६६ रुपये ५० पैसे गोणीच्या दराने त्याची किंमत सव्वा रुपयाच्या आसपास येते. तुमच्या पाकिटावरची किंमत आणि फवारणीची मजुरी यांच्याशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

प्रमाण वाढवून ही तूट भरता येत नाही. लिटरला २० ग्रॅमच्या (२ टक्के) वर युरिया गेला तर भाताच्या पानांची टोके जळण्याचा धोका वाढतो. २ टक्के युरियाच्या एका फवारणीत २० गुंठ्यांना २ किलो युरिया, म्हणजे ९२० ग्रॅम नत्र जाते. फुटव्यांच्या वेळी द्यायचा नत्राचा हप्ता ८ किलोचा असतो. तो केवळ पानांतून द्यायचा तर नऊ फवारण्या कराव्या लागतील.

नॅनो युरियालाही हेच गणित लावावे. ४ टक्के नत्राच्या ५०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम नत्र असते आणि २० टक्क्यांच्या बाटलीत सुमारे १०० ग्रॅम. ४५ किलो युरियाच्या गोणीत जवळजवळ २१ किलो नत्र असते. बाटलीला गोणीचा पर्याय समजून जमिनीतले नत्र कमी करण्याआधी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत.

जस्ताचा हिशोब उलटा का पडतो

आता हेच गणित जस्ताला लावू. २० गुंठ्यांतून दहा क्विंटल भात आला, तर दाणा आणि पेंढा मिळून पीक साधारण ४० ते ५० ग्रॅम जस्त उचलते. किलो नव्हे, ग्रॅम. ०.५ टक्के झिंक सल्फेटच्या (२१ टक्के जस्त) एका फवारणीत १०० लिटरमध्ये ५०० ग्रॅम खत, म्हणजे १०५ ग्रॅम जस्त जाते. त्यातले अर्ध्याहून जास्त ओघळून किंवा धुऊन गेले तरी दोन फवारण्यांत पिकाची गरज भागू शकते.

पानांतून खत केव्हा परवडते याचे उत्तर या फरकात आहे. पिकाला जे ग्रॅममध्ये लागते, ते पानातून देता येते. जे किलोमध्ये लागते, ते मुळांवाटेच द्यावे लागते.

भातावरच्या जस्ताचा शोध आपल्या देशातला आहे. उत्तर प्रदेशच्या तराई भागात भाताची पाने कातासारखी तांबूस-तपकिरी होऊन रोपे खुजी राहत. शेतकरी त्याला 'खैरा' म्हणत आणि तो रोग समजला जाई. पंतनगर कृषी विद्यापीठातील डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की हा बुरशीचा किंवा जिवाणूचा रोग नसून जस्ताची कमतरता आहे. त्यावरचा हेक्टरी ५ किलो झिंक सल्फेट व २.५ किलो चुना फवारण्याचा उपाय आजही सांगितला जातो. बुरशीनाशकाने न हटणारे दुखणे स्वस्त जस्ताने हटले, कारण निदान बरोबर होते.

पिवळेपणाचे कारण शेतातच ओळखा

फवारणीआधी खाचरात उतरून दोन गोष्टी पाहायच्या: कोणते पान बिघडले आहे आणि मूळ कसे आहे.

नत्र झाडात सहज हलते. कमी पडले की झाड जुन्या पानातले नत्र काढून नव्या पानाला देते, म्हणून खालची पाने टोकाकडून पिवळी पडतात आणि वरची त्यामानाने हिरवी राहतात. लोह हलत नाही. ते कमी पडले की जुनी पाने हिरवी राहतात आणि नवे पान फिकट, पुढे पांढुरके निघते. जस्ताची खूण बहुधा लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत दिसते. नव्या पानाच्या मधल्या शिरेचा बुडखा फिका पडतो, खालच्या पानांवर गंजासारखे ठिपके येतात, फुटवे कमी येतात आणि खाचरात उंच-खुजे असे चट्टे पडतात.

त्यानंतर चट्ट्यातला एक चूड मुळासकट उपटून धुवा. निरोगी मूळ पांढरे किंवा तांबूस असते. मुळे काळी पडली असतील आणि चिखलाला कुजक्या अंड्याचा वास येत असेल, तर मुळे गुदमरली आहेत. अशा झाडाला जमिनीत खत असूनही ते घेता येत नाही. इथे पहिला उपाय पाण्याचा निचरा आहे, फवारणी नव्हे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट फसवते. लाल मातीच्या उतारावरून पाणी येऊन साचते अशा सखल खाचरात लोह जास्त होऊनही खालच्या पानांवर टोकाकडून तपकिरी ठिपके येतात आणि ते जस्ताच्या कमतरतेसारखे दिसतात. अशा खाचरातल्या पाण्यावर पुष्कळदा तेलकट, इंद्रधनुषी साय दिसते. काडीने डिवचल्यावर तिचे तुकडे पडतात. सांडलेल्या डिझेलचा तवंग मात्र तुटत नाही, पुन्हा जुळतो. साय दिसली तर जस्ताचा किंवा लोहाचा पंप बाजूला ठेवा आणि आधी पाणी बदला.

| काय दिसते | बहुधा कारण | काय करावे |
|---|---|---|
| खालची पाने टोकाकडून पिवळी, सगळ्या खाचरात सारखे | नत्र कमी | पाणी कमी करून युरियाचा हप्ता जमिनीत |
| गंजासारखे ठिपके, खुजे चट्टे, नव्या पानाचा बुडखा फिका | जस्त कमी | झिंक सल्फेटची फवारणी |
| राबात नवे पान पांढुरके, जुने हिरवे | लोह कमी | आधी पाणी, मग हिराकसाची फवारणी |
| मुळे काळी, चिखलाला वास | मुळांना हवा नाही | निचरा, फवारणी नको |
| तपकिरी ठिपके, पाण्यावर तेलकट साय | लोह जास्त | पाणी बदलणे, फवारणी नको |
| पानाच्या कडा टोकापासून पिवळ्या होऊन करपतात | कडा करपा | रोगाचा सल्ला घ्यावा, युरिया थांबवावा |

शेवटची ओळ विशेष लक्षात ठेवावी. कडा करपा लागलेल्या भाताला पिवळा म्हणून युरिया फवारला, तर पैसे जातातच, शिवाय जादा नत्राने रोग वाढतो.

राबातले पांढरे रोप

जूनमध्ये गादीवाफ्यावर राब टाकला आणि मध्येच पावसाने ताण दिला, तर रोपाची नवी पाने पिवळट-पांढरी निघतात. आपल्या मातीत लोह भरपूर असते. पण माती कोरडी राहिली की ते मुळांना घेता येईल अशा रूपात राहत नाही. वाफे भिजले आणि चिखल टिकला की तेच लोह पुन्हा मिळू लागते. म्हणून विहिरीचे किंवा नाल्याचे पाणी देता येत असेल तर आधी पाणी द्यावे. पुष्कळदा तेवढ्यानेच नवे पान हिरवे निघते.

पाणी नसेल तर हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल लिटरला १ ग्रॅम घेऊन फवारावे. आधी पाण्यात सायट्रिक आम्ल विरघळवावे आणि मग हिराकस घालावे, नाहीतर हिराकस तांबडे पडून निरुपयोगी होते. लोह पानातून पानात जात नसल्याने फवारणीनंतर निघालेल्या पानाला पहिल्या फवारणीचा लाभ होत नाही. म्हणून सात ते दहा दिवसांनी दुसरी फवारणी लागते. लावणी होऊन खाचरात पाणी उभे राहिल्यावर मात्र लोहाच्या फवारणीचे कारण उरत नाही.

एक उदाहरण: चांदीपचे २० गुंठे

समजा, चांदीपमध्ये २० गुंठ्यांचे खाचर आहे. १० जुलैला लावणी झाली. ५ ऑगस्टला वरच्या बांधाकडचा भाग एकसारखा पिवळसर आहे. खालच्या बाजूला, जिथे पाणी कायम उभे असते, तिथे चार-पाच गुंठ्यांत खुजे चट्टे आहेत. लावणीनंतर नत्राचा दुसरा हप्ता पडलेला नाही, कारण पाऊस थांबलाच नाही.

वरच्या भागातले रोप पाहिले: खालची पाने टोकाकडून पिवळी, नवे पान हिरवे, मूळ पांढरे. हे नत्र आहे. खालच्या भागातले रोप पाहिले: पानांवर गंजाचे ठिपके, नव्या पानाचा बुडखा फिका, मूळ तांबूस, चिखलाला वास नाही, पाण्यावर साय नाही. हे बहुधा जस्त आहे. म्हणजे एकाच खाचरात दोन कारणे आहेत. दोन्हींवर एकच पाकीट फवारले असते, तर नत्राला ते पुरले नसते आणि जस्ताचा अंश त्यात असलाच तर फार थोडा पोचला असता.

पहिले काम वरच्या बांधाची मोरी बंद करून पाणी कमी करणे. उघडीप मिळाली की युरियाचा हप्ता जमिनीत द्यायचा. २० गुंठ्यांना ८ किलो नत्र, म्हणजे सुमारे १७ किलो युरिया, सगळीकडे सारखा. तीन-चार दिवस पाणी खाचरातून वाहून जाऊ द्यायचे नाही. वाहत्या पाण्यात टाकलेला युरिया शेजाऱ्याच्या शेतात जातो.

दुसरे काम खुज्या पाच गुंठ्यांवर झिंक सल्फेटची फवारणी. त्यासाठी २५ लिटर द्रावण, १२५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि ६५ ग्रॅमच्या आसपास चुना पुरतो. दहा दिवसांनी दुसरी फवारणी. पूर्ण वीस गुंठे फवारण्याची गरज नाही.

पाऊस थांबतच नसेल आणि खाचरातून सतत पाणी वाहत असेल, तर २ टक्के युरियाची एक फवारणी योग्य ठरते. ती नत्राचा हप्ता भरून काढत नाही, पण मुळांवाटे खत देता येत नाही त्या आठवड्यात पिकाला तगवते. उघडीप आली की जमिनीतला हप्ता द्यायचाच.

जस्ताचे द्रावण कसे करावे

झिंक सल्फेट आम्लधर्मी असते, नुसते फवारले तर पानावर डाग पडू शकतात. म्हणून सोबत चुना घेतात. १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि ३७ ग्रॅम विरी गेलेला चुना. चुना आदल्या रात्री बादलीत भिजवून सकाळी वरची निवळी कापडातून गाळून घ्यावी, म्हणजे नोझल तुंबत नाही. चुन्याऐवजी २ टक्के युरिया (पंपाला ३०० ग्रॅम) चालतो. पीक नत्रालाही भुकेले असेल तर तोच बरा.

पाकिटावरचे जस्ताचे टक्के वाचा. वरचे प्रमाण २१ टक्क्यांच्या खतासाठी आहे. ३३ टक्क्यांचे असेल तर लिटरला ३ ग्रॅम पुरे. १२ टक्क्यांचे चिलेटेड जस्त वेगळ्या प्रमाणात वापरतात, तेव्हा पाकिटावरच्या सूचना पाळाव्यात.

जस्तासोबत १९:१९:१९ किंवा १२:६१:०० एकाच पंपात घालू नये. त्यांतले स्फुरद जस्ताशी संयोग पावून न विरघळणारा पांढरा गाळ तळाशी बसतो. मग पानाला ना जस्त मिळते ना स्फुरद. बाटलीभर पाण्यात दोन्ही त्याच प्रमाणात मिसळून अर्धा तास ठेवले तरी गढूळपणा दिसेल.

भाताचे पान मेणचट असल्याने पाण्याचे थेंब घरंगळून जातात. चिकट-प्रसारक द्रव्य त्यावरच्या सूचनेप्रमाणे जरूर घालावे. थेंब ओला असेपर्यंतच अन्नद्रव्य पानात शिरते, म्हणून दुपारच्या उन्हात फवारणी करू नये. सकाळी दव उतरल्यावर किंवा चारनंतर करावी. युरिया काही तासांत बराचसा आत जातो, जस्ताला जास्त वेळ लागतो. फवारणीनंतर लगेच जोराची सर आली तर ती फवारणी झाली नाही असे समजावे. आकाश भरून आले असेल तर पंप भरूच नये.

फवारणी लागू पडली का, हे कसे कळेल

खुज्या चट्ट्याच्या मधोमध दोन हात रुंदीचा पट्टा न फवारता सोडा आणि दोन्ही टोकांना काठ्या रोवा. दहा दिवसांनी पाहताना जुने ठिपके गेले का ते पाहू नका, ते जात नाहीत. नवे पान पूर्ण हिरवे निघाले का आणि नवे फुटवे येऊ लागले का, ते पाहा. फवारलेला भाग आणि पट्टा यांत फरक दिसला तर निदान बरोबर होते, दुसरी फवारणी करा. दोन्ही सारखेच दिसत असतील तर दुसऱ्या फवारणीचे पैसे वाचवा आणि मुळे, पाणी व रोग पुन्हा तपासा. सगळेच खाचर फवारले तर हे कधीच कळत नाही. उघडीप आणि ऊन मिळाल्यावर भात आपोआपही हिरवा होतो आणि श्रेय पंपाला जाते.

भाजीपाल्यातला कॅल्शियम

रब्बीत टोमॅटोच्या फळाचा बुडखा काळा पडून बसतो तेव्हा कॅल्शियमची फवारणी सांगितली जाते. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर मुळांकडून वर येते. पानावर पडलेले कॅल्शियम पानातच राहते, तिथून फळात जात नाही. कोवळ्या फळावर थेट आणि वारंवार फवारले तर थोडा उपयोग होतो. पण मूळ कारण बहुतेक वेळा कधी कोरडे तर कधी भरपूर पाणी हे असते. पाळ्या नियमित केल्या आणि बुडात पेंढ्याचे आच्छादन टाकले की पुढची फळे सुधारतात.

पुढच्या हंगामासाठी

फवारणी उभे पीक वाचवते, जमीन सुधारत नाही. यंदा जस्ताची कमतरता दिसली असेल तर भात कापल्यावर, वाल टाकण्याआधी, त्या भागाचा वेगळा माती नमुना काढा आणि तपासणीत जस्त आवर्जून मागा. डहाणू तालुक्यातील कोसबाड हिलच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात याची चौकशी करता येईल. उपलब्ध जस्त किलोला ०.६ मिलिग्रॅमपेक्षा कमी आले, तर पुढच्या चिखलणीत २० गुंठ्यांना ५ किलो झिंक सल्फेट जमिनीत द्यावे. ते सुपर फॉस्फेटमध्ये न मिसळता वेगळे फेकावे. एकदा दिलेले जस्त साधारण दोन-तीन हंगाम पुरते आणि तेवढी वर्षे जस्ताचा पंप पाठीवर घेण्याची गरज सहसा पडत नाही.